फंक्शनल रेझ्युमे लिहा, पण पाठवू नका

रेझ्युमे दोन पानांचा होता आणि पहिल्या पानावर एकही तारीख नव्हती. ‘डेटा अ‍ॅनालिसिस’, ‘रिपोर्टिंग’, ‘टीम समन्वय’ अशी तीन शीर्षकं आणि प्रत्येकाखाली चार-पाच ओळी. ओळी खरंच चांगल्या होत्या. महिनाअखेरचा ताळमेळ लावायला तीन दिवस लागायचे, ते काम एका दिवसावर आणलं, ही त्यातलीच एक. पण हे कोणत्या कंपनीत केलं, कधी केलं, तेव्हा पद काय होतं, याचा पत्ता लागेना. दुसऱ्या पानाच्या अगदी तळाशी कंपन्यांची नावं होती आणि त्यांच्यापुढे नुसती वर्षं.

मी भरतीच्या कामात असल्यामुळे असे रेझ्युमे माझ्यासमोर नेहमी येतात. त्या उमेदवार बाईंशी बोलल्यावर चित्र स्पष्ट झालं. सहा वर्षं अकाउंट्समध्ये नोकरी, मग घरच्या जबाबदारीमुळे एकवीस महिन्यांचा गॅप, आणि आता डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणून काम हवं होतं. गॅप आणि क्षेत्रबदल दोन्ही असतील तर फंक्शनल रेझ्युमे करावा, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की, नवख्या माणसाला तो खरा वाटतो. त्याने नुकसान नेमकं कुठे होतं ते त्यांच्याच उदाहरणावरून दाखवतो, आणि तोच मजकूर दुरुस्त कसा करायचा तेही.

तीन प्रकार, थोडक्यात

उलट कालक्रमाच्या रेझ्युमेत सध्याची किंवा शेवटची नोकरी सगळ्यात वर येते, मग तिच्या आधीची, मग त्याआधीची. प्रत्येक नोकरीत पद, कंपनी, कालावधी आणि तिथे केलेलं काम एकत्र असतं. फंक्शनल प्रकारात काम नोकरीपासून तोडून कौशल्यांच्या शीर्षकांखाली मांडतात आणि नोकऱ्यांची नुसती यादी शेवटी देतात. हायब्रिडमध्ये वर चार ओळींची ओळख आणि कौशल्यांचा छोटा भाग असतो, आणि त्याखाली उलट कालक्रमाचा पूर्ण इतिहास, कामाच्या ओळींसकट.

शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. पुष्कळ जण हायब्रिड म्हणून जे पाठवतात त्यात कामाच्या सगळ्या ओळी वरच्या कौशल्यांच्या भागात असतात आणि खाली कोरड्या नोकऱ्या. तो फंक्शनलच झाला, नाव काहीही द्या.

सॉफ्टवेअर काय करतं

कंपन्या अर्ज गोळा करायला आणि त्यांचा माग ठेवायला जे सॉफ्टवेअर वापरतात त्याला एटीएस म्हणतात. वर्कडे, ग्रीनहाउस, आयसिम्स, टॅलिओ ही त्यातली काही नावं. तुमची फाइल तिथे पोहोचली की, पार्सर नावाचा भाग तिच्यातला मजकूर बाहेर काढतो, शीर्षकांवरून त्याचे तुकडे पाडतो आणि ते ठरलेल्या रकान्यांत भरतो : नाव, फोन, ईमेल, पद, कंपनी, सुरुवात, शेवट, शिक्षण, कौशल्यं. पुढे भरती करणारा माणूस शोध घेतो तो बहुतेक वेळा या रकान्यांत आणि काढलेल्या मजकुरात.

इथे एक भीती घालवून पुढे जाऊ. रेझ्युमेचा प्रकार आवडला नाही म्हणून सॉफ्टवेअर अर्ज फेकून देतं, असं सहसा होत नाही. आपोआप नकार येतो तो बहुतेकदा अर्जातल्या प्रश्नांमुळे. अमुक परवाना आहे का, काम करण्याची कायदेशीर परवानगी आहे का, किमान इतकी वर्षं अनुभव आहे का, अशा प्रश्नांना ‘नाही’ उत्तर दिलं की अर्ज बाजूला पडतो. रेझ्युमेच्या मांडणीचा परिणाम वेगळा आणि हळू असतो. तुमची माहिती चुकीच्या रकान्यात जाते किंवा कुठल्याच रकान्यात जात नाही, आणि मग कुणी शोध घेतला तर तुम्ही त्या शोधात येतच नाही. कुणी तुम्हाला नाकारलेलं नसतं. तुम्ही दिसलेलाच नसता.

आता मुख्य गोष्ट, जी फारशी कुणी सांगत नाही. चांगले पार्सर कौशल्यांची नुसती यादी करत नाहीत. एखादं कौशल्य कोणत्या नोकरीच्या वर्णनात आलं ते पाहून त्या नोकरीच्या तारखा ते त्या कौशल्याला जोडतात. त्यातून दोन गोष्टी निघतात : हे कौशल्य एकूण किती महिने वापरलं, आणि शेवटचं कधी वापरलं. टेक्स्टकर्नलसारख्या पार्सरच्या निकालात हे दोन्ही आकडे प्रत्येक कौशल्यासमोर येतात.

त्या बाईंचा इतिहास असा होता. जून 2016 ते ऑगस्ट 2018, अकाउंट्स असिस्टंट, म्हणजे 27 महिने. सप्टेंबर 2018 ते मार्च 2022, सीनियर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, 43 महिने. एप्रिल 2022 ते डिसेंबर 2023 गॅप. जानेवारी ते मे 2024, एका छोट्या संस्थेसाठी डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणून कंत्राटी काम, 5 महिने. विक्रीची माहिती काढायला एसक्यूएल त्यांनी दुसऱ्या नोकरीपासूनच वापरलं होतं. म्हणजे 43 आणि 5 मिळून 48 महिने, शेवटचा वापर मे 2024.

त्यांच्या फंक्शनल रेझ्युमेत एसक्यूएल हा शब्द तीनदा होता, पण तिन्ही वेळा ‘डेटा अ‍ॅनालिसिस’ या शीर्षकाखाली. त्या भागाला ना कंपनी, ना तारीख. पार्सरला शब्द सापडतो, पण जोडायला नोकरी सापडत नाही, म्हणून महिन्यांच्या रकान्यात काहीच येत नाही. जागेसाठी ‘एसक्यूएल, किमान दोन वर्षं’ अशी गाळणी लावली की चार वर्षांचा अनुभव असलेली बाई त्यातून बाहेर. शिवाय नोकऱ्या शोधताना पार्सर गडबडतो ते निराळंच. एखाद्या कौशल्याचं शीर्षक पदासारखं दिसलं तर तेच तो पदाच्या रकान्यात टाकतो. मग अर्जाच्या फॉर्मवर पद म्हणून ‘रिपोर्टिंग’ आणि कंपनीच्या जागी मोकळा रकाना असं विचित्र काहीतरी दिसतं.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. नोकरीच्या वर्णनात एखादं कौशल्य एकदा आलं की त्या नोकरीचा सगळा काळ त्याच्या खात्यावर जमा होतो. तीन वर्षांच्या नोकरीत जे साधन दोन आठवडे हाताळलं ते तिथे घातलंत, तर सॉफ्टवेअर त्याला तीन वर्षं धरेल आणि मुलाखत घेणारा त्याच समजुतीने प्रश्न विचारेल. जे नेहमीच्या कामात वापरलं तेवढंच लिहा.

माणूस काय बघतो

‘लॅडर्स’ या नोकरीविषयक संकेतस्थळाने भरती करणाऱ्यांचे डोळे रेझ्युमेवर कुठे फिरतात हे यंत्राने टिपलं होतं. पहिली चाळणी सरासरी सहा सेकंदांची असते असं 2012 साली दिसलं, आणि 2018 साली पुन्हा मोजलं तेव्हा ती 7.4 सेकंद निघाली. सेकंदांपेक्षा मला त्यातली दुसरी नोंद मोलाची वाटते. 2012च्या पाहणीत जवळपास 80 टक्के वेळ मोजक्या गोष्टींवर गेला : नाव, सध्याचं पद आणि कंपनी, त्याच्या तारखा, आधीचं पद आणि कंपनी, त्याच्या तारखा, शिक्षण. पाहणी छोटी होती, पण मी स्वतः ढीगभर अर्ज बघायला बसतो तेव्हा माझी नजरही अशीच चालते.

म्हणजे माणूस आणि सॉफ्टवेअर जवळजवळ त्याच गोष्टी शोधतात. फंक्शनल रेझ्युमेत नेमक्या त्याच गोष्टी शेवटच्या पानाच्या तळाशी असतात. तिथपर्यंत जाणारा माणूस आधीच वैतागलेला असतो आणि त्याच्या मनात शंका आलेली असते, कारण फंक्शनल मांडणी गॅप झाकायला वापरतात हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. गॅप झाकला तर जात नाहीच, उलट आहे त्यापेक्षा मोठा वाटायला लागतो. या बाईंचा एकवीस महिन्यांचा गॅप मला पहिल्या वाचनात जवळजवळ तीन वर्षांचा असावा असं वाटलं होतं, कारण नुसत्या वर्षांवरून अंदाजच करता येईना.

म्हणून माझं मत सरळ आहे. एकाच क्षेत्रात पुढे जात असाल तर उलट कालक्रम. क्षेत्र बदलत असाल, गॅप असेल, किंवा उपयोगाचा अनुभव जुन्या नोकरीत दडलेला असेल तर हायब्रिड. ऑनलाइन अर्जाला फंक्शनल पाठवू नका. एखाद्या ओळखीच्या ग्राहकाला स्वतंत्र कामासाठी थेट हातात द्यायचा असेल तर तो चालतो, कारण तिथे मध्ये पार्सर नसतो आणि समोरच्याला तुमचा इतिहास माहीत असतो.

आता करायला घ्या

फंक्शनल रेझ्युमे कच्चा मसुदा म्हणून फार उपयोगी पडतो. तिथूनच सुरुवात करा. हव्या असलेल्या कामाची जाहिरात समोर ठेवा आणि तिच्यातली चार-पाच मुख्य कौशल्यं कागदावर शीर्षकं म्हणून लिहा. प्रत्येकाखाली तुम्ही केलेली कामं लिहीत जा, कुठल्याही नोकरीतली, अभ्यासक्रमातली, प्रकल्पातली. क्रमाचा विचार करू नका. या बाईंकडे हा मसुदा तयारच होता, फक्त त्यांनी तोच पाठवून दिला.

मग प्रत्येक ओळीपुढे ती कुठे आणि कधी घडली ते लिहा. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळा रेझ्युमे यावर उभा राहतो. ताळमेळाची ओळ दुसऱ्या नोकरीतली निघाली. चार शाखा व्यवस्थापकांसाठी केलेला डॅशबोर्डही तिथलाच. पॉवर बीआयवरची ओळ कंत्राटी कामातली. ‘उत्तम संवादकौशल्य’ या ओळीला मात्र कुठेच घर सापडेना, तेव्हा ती काढून टाकली. घर न सापडणाऱ्या बहुतेक ओळी अशाच असतात. एखादी खरी असेल आणि नोकरीतली नसेल, तर अभ्यासक्रमातला किंवा स्वतः केलेला प्रकल्प म्हणून ती वेगळ्या नोंदीत घ्या आणि त्या नोंदीलाही तारखा द्या. नुकतंच शिक्षण संपलेल्यांचा अर्धाअधिक रेझ्युमे अशाच नोंदींनी भरतो आणि त्यात काहीही कमीपणा नाही.

आता प्रत्येक ओळ तिच्या नोकरीखाली न्या आणि नोकऱ्या नव्याकडून जुन्याकडे लावा. प्रत्येक नोंदीचा साचा एकच ठेवा. त्यांची मधली नोकरी दुरुस्त झाल्यावर अशी दिसत होती :

```
Senior Accounts Executive
Company B
Sep 2018 – Mar 2022
- Pulled monthly sales data with SQL; cut month-end
  reconciliation from 3 days to 1
- Built an Excel dashboard used by 4 branch managers
```

बघा, आता `SQL` हा शब्द तारखांच्या खाली, त्या नोकरीच्या पोटात आला आहे. पार्सरला जोडायला नोकरी मिळाली, आणि माणसालाही कळलं की हे शिकवणीपुरतं नाही, रोजच्या कामात वापरलेलं आहे. पद अकाउंट्सचंच राहिलं. ते बदलून ‘अ‍ॅनालिस्ट’ करण्याचा मोह पुष्कळांना होतो. करू नका, पुढे कंपनी जुन्या नोकरीची खातरजमा करते तेव्हा ते उघड होतं.

तारखा सगळीकडे महिना आणि वर्ष अशाच लिहा आणि एकच पद्धत पाळा. एके ठिकाणी नुसतं वर्ष, दुसरीकडे महिना, तिसरीकडे ‘दोन वर्षं’ असं असेल तर हिशेब चुकतो. नुसतं वर्ष दिसलं की काही पार्सर महिना स्वतःच गृहीत धरतात, आणि तो तुमच्या बाजूनेच धरला जाईल याची खात्री नसते.

गॅपलाही तशीच नोंद द्या, छोटीशी. कारण सांगायचं तर दोन-तीन शब्दांत सांगा, स्पष्टीकरण नको.

```
Career Break – Family Care
Apr 2022 – Dec 2023
```

लिंक्डइनने 2022 मध्ये प्रोफाइलवर गॅपसाठी वेगळी नोंद सुरू केली. तेव्हापासून भरती करणाऱ्यांना अशी नोंद वाचायची सवय झाली आहे. त्या छोट्या नोंदीमुळे वाचणाऱ्याचा अंदाज बांधण्याचा त्रास वाचतो.

सगळ्यात शेवटी वरचा भाग लिहा. नाव, संपर्क, खाली हव्या असलेल्या कामाशी जुळणारी एक ओळ, मग तीन-चार ओळींची ओळख आणि कौशल्यांच्या दोन-तीन ओळी. या भागाने पहिल्या पानाचा तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भाग घेऊ नये, असा माझा स्वतःचा नियम आहे, कारण शेवटच्या नोकरीचं पद आणि तारखा पहिल्या पानावर, न शोधता दिसल्या पाहिजेत. वर लिहिलेलं प्रत्येक कौशल्य खाली निदान एका नोंदीत सापडायला हवं. सापडत नसेल तर ते वरूनही काढा. शब्द जाहिरातीत आहे तसाच ठेवा. जाहिरातीत `Power BI` असेल तर तुम्ही ‘बीआय टूल्स’ लिहून शोधात सापडणार नाही.

शीर्षकं साधी ठेवा : `Work Experience`, `Skills`, `Education`. ‘माझा प्रवास’ या अर्थाचं काही सुचलं तरी वापरू नका. पार्सर ओळखीच्या शीर्षकांवरूनच तुकडे पाडतो.

पाठवण्याआधी दोन तपासण्या

मांडणी एका स्तंभाची हवी. ही सूचना सगळीकडे वाचायला मिळते, पण कारण कुणी सांगत नाही. पीडीएफमध्ये मजकूर पानावरच्या जागांप्रमाणे ठेवलेला असतो. कोणता शब्द कोणत्या स्तंभातला, ही जाण फाइलमध्ये बहुतेकदा नसते. काही पार्सर स्तंभ ओळखतात, काही ओळ सलग आडवी वाचतात. आडवं वाचलं की असं होतं :

```
SKILLS Senior Accounts Executive
SQL Company B
Power BI Sep 2018 – Mar 2022
```

कंपनीचं नाव `SQL Company B` झालं. वर्डच्या फाइलमध्ये पानाच्या हेडरमध्ये लिहिलेला मजकूर मुख्य मजकुरापासून वेगळा साठवला जातो, त्यामुळे तिथे फोन आणि ईमेल टाकलात तर काही वेळा ते रिकामे येतात. संपर्क नेहमी मुख्य पानावर लिहा. कौशल्यासमोरच्या रंगीत पट्ट्या आणि चांदण्या सॉफ्टवेअरला चित्र म्हणून दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत, आणि पाचपैकी चार चांदण्या म्हणजे नक्की किती येतं हे माणसालाही समजत नाही.

पहिली तपासणी घरच्या घरी होते. फाइल उघडा, `Ctrl+A` आणि `Ctrl+C` करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. वरून खाली वाचा. प्रत्येक पदाखाली त्याचीच कंपनी, त्याच्याच तारखा आणि त्याच्याच ओळी आल्या का? शब्दांची अक्षरं गळली का? काही फॉन्टमध्ये `f` आणि `i` जोडाक्षरासारखी एकत्र छापली जातात आणि बाहेर काढताना ती जोडी हरवते, मग `Office` चं `Of ce` होतं आणि तो शब्द शोधात सापडत नाही. असं झालं तर फॉन्ट बदला. काहीच चिकटलं नाही तर तुमची पीडीएफ म्हणजे नुसतं चित्र आहे. ती स्कॅन न करता मूळ फाइलमधून पुन्हा तयार करा. जाहिरातीत फाइलचा प्रकार सांगितला असेल तर तोच द्या. नसेल तर `.docx` किंवा या तपासणीत नीट उतरलेली पीडीएफ, दोन्ही चालतात.

दुसरी तपासणी अर्ज करतानाच होते आणि ती जास्त खरी असते. बऱ्याच अर्जांत रेझ्युमे चढवला की पुढचे रकाने आपोआप भरतात. घाईत सगळे ‘पुढे’ दाबतात. इथे थांबा. त्या कंपनीच्या पार्सरला तुमचा रेझ्युमे कसा दिसला, ते जसंच्या तसं तुमच्या समोर आलेलं असतं. पद आणि कंपनी अदलाबदल झाली का, तारखा बरोबर आल्या का, एखादी नोकरी गळली का, ते बघा. हाताने दुरुस्त करा, कारण शोध याच रकान्यांवर चालणार आहे. तीच चूक दुसऱ्या कंपनीच्या अर्जातही दिसली तर दोष मांडणीत आहे असं समजा आणि मूळ फाइल सुधारा.

त्या बाईंनी फाइल बदलून पुन्हा चढवली तेव्हा तिन्ही नोकऱ्या, गॅपची नोंद आणि सगळ्या तारखा आपापल्या रकान्यात आल्या. फक्त एक गोष्ट हाताने बदलावी लागली. कंत्राटी कामाच्या पदापुढे त्यांनी स्वल्पविराम देऊन `Contract` लिहिलं होतं, आणि पार्सरने तो शब्द कंपनीच्या नावात ढकलला होता. तो शब्द खालच्या कामाच्या ओळीत नेल्यावर पुढच्या अर्जात तीही अडचण आली नाही.